मुलाखतीचे उत्तर तपासताना

बैलबाजारात बैल पाहायला गेलेला शेतकरी मालकाला 'बैल कामाला कसा आहे?' असे एकदा विचारतो खरे, पण त्या उत्तरावर पैसे मोजीत नाही. 'उत्तम आहे' यावाचून दुसरे उत्तर मिळणारच नाही, हे तो जाणून असतो. म्हणून तो पुढे विचारतो, "काल कुठल्या रानात जुंपला होता? किती वेळ चालला? जोडीला कोण होता?" या प्रश्नांची उत्तरे मात्र अंदाजाने देता येत नाहीत.

नोकरीच्या मुलाखतीतही आता हीच रीत आली आहे. 'तुम्ही कष्टाळू आहात का?' असे न विचारता 'तुमच्यावर कामाचा फार ताण पडला होता, असा एक प्रसंग सांगा,' असे विचारतात. उमेदवाराने पूर्वी प्रत्यक्ष काय केले, त्यावरून तो पुढे काय करील याचा अंदाज बांधावयाचा, ही त्यामागची कल्पना. जॉन फ्लॅनगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घडलेल्या प्रसंगांवरून माणसाचे काम पारखण्याची पद्धत १९५४ साली सविस्तर मांडली. पुढे १९८२ साली टॉम जॅन्झ यांनी पूर्वीच्या वागणुकीवर बेतलेल्या मुलाखतीची नेहमीच्या मुलाखतीशी तुलना केली. आज बँका, दूधसंघ, दवाखाने, खाजगी शाळा अशा अनेक ठिकाणी असे प्रश्न विचारले जातात.

अशा प्रश्नांची उत्तरे मुले घरून लिहून आणतात आणि शिक्षकांना दाखवतात. आपण काय करतो? शुद्धलेखन पाहतो, दोनचार चांगले शब्द सुचवतो आणि 'छान' म्हणून वही परत देतो. उत्तर मात्र होते तसेच राहते. ते तपासावे कसे, हे एका उत्तराच्या आधारे पाहू.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली होती. तिला दूध संकलनावर देखरेख करण्याच्या जागेसाठी मुलाखत द्यायची होती. 'समोरचा माणूस रागावलेला असताना तुम्ही काय केलेत, असा प्रसंग सांगा,' या प्रश्नाला तिने लिहिलेले उत्तर असे होते:

"आमचं गाव तसं लहान आहे आणि बहुतेक सगळ्यांकडे गाई आहेत. माझ्या काकांनी काही वर्षांपूर्वी दूध संकलन केंद्र सुरू केलं. आधी ते देवळाजवळ होतं, मग रस्त्यावर आणलं. मी कॉलेजला जाण्याआधी सकाळी तिथे मदत करते. तिथे लोकांशी रोज संबंध येतो आणि लोक फॅटवरून भांडतात. एकदा एक शेतकरी फार रागावले होते. अशा वेळी आम्ही शांतपणे समजावून सांगत असतो. त्यांची अडचण नीट समजून घेतली गेली आणि योग्य तो मार्ग काढण्यात आला. शेवटी त्यांचं समाधान झालं. यातून मी शिकले, की संयम फार महत्त्वाचा असतो. कारण ग्राहक हा देवासारखा असतो. आणि माणसं जोडणं हीच खरी संपत्ती आहे."

वाचायला हे उत्तर वाईट नाही. पण हाती पेन्सिल घेऊन पाहू या.

पहिले काम समासात करावयाचे. प्रत्येक वाक्यासमोर चारपैकी एक शब्द लिहावा: प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम. इंग्रजी पुस्तके या चौकटीला 'स्टार' म्हणतात. जे वाक्य चारांत कुठेच बसत नाही, त्यापुढे फुली मारावी. आमच्या या बारा वाक्यांचा हिशेब असा निघाला: प्रसंगाची सहा, जबाबदारीचे एकही नाही, कृतीची दोन, परिणामाचे एक आणि फुलीची तीन. अर्धे उत्तर गावाच्या वेशीपासून केंद्राच्या दारापर्यंत पोचण्यातच संपले. ऐकणाऱ्याला हवी असते ती कृती. निम्म्याच्या आसपास वाक्ये कृतीची असावीत, आणि प्रसंग दोनतीन वाक्यांत उभा राहावा. केंद्र आधी देवळाजवळ होते, हे वाक्य काढून टाकले तर पुढचे काही कळायचे राहते का? नाही. मग ते वाक्य जावे. पाल्हाळ ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

दुसरे काम क्रियापदांचे. आपल्या मराठीत उत्तराचा खरेखोटेपणा क्रियापदात दिसतो. 'समजावून सांगत असतो' ही झाली सवय. प्रश्न होता प्रसंगाचा. 'सांगितलं' असे साधे भूतकाळी रूप आले, की तो एक दिवस, ती एक वेळ समोर येते. म्हणून कृतीच्या वाक्यातील 'करत असतो', 'करायचो', 'करते' अशा रूपांखाली रेघ मारावी आणि विचारावे, "त्या दिवशी काय केलंस?"

मग कर्ता शोधावा. 'समजून घेतली गेली', 'मार्ग काढण्यात आला.' कोणी घेतली? कोणी काढला? ही सरकारी पत्रातली वाक्यरचना आहे. तिच्यात माणूस दिसत नाही. 'आम्ही' या शब्दाचेही तसेच. पुष्कळ मुलांना 'मी' म्हणणे उद्धटपणाचे वाटते, तो आपल्या घरचा संस्कार आहे. पण मुलाखत घेणाऱ्याला काकांना नेमायचे नसते. सर्वांनी मिळून केले असेल तर तसे सांगावे, आणि त्यातले आपण काय केले तेही सांगावे.

शेवटी 'नीट', 'शांतपणे', 'योग्य' या शब्दांना गोल करावा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी डोळ्यांनी काय दिसले असते, ते या शब्दांच्या जागी घालावे.

मी त्या मुलीला विचारले, "योग्य मार्ग म्हणजे काय केलंस?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, चूक माझीच होती, म्हणून लिहिलं नाही." आणि मग सगळी हकीकत बाहेर आली. तिचे नवे उत्तर असे झाले:

"गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या केंद्रावर तासभर वीज नव्हती, आणि लोक किटल्या ठेवून थांबले होते. नमुना घेऊन फॅट तपासणं आणि पावती देणं हे माझं काम होतं. वीज आल्यावर मी घाईने नमुने घेऊ लागले. पाचव्या किटलीला फॅट ३.१ लागली. त्या शेतकऱ्यांची रोज ३.७ किंवा ३.८ लागायची, ते रागावून म्हणाले, तुमचं यंत्र खोटं आहे. मी पावती न देता आधीच्या दिवसांची नोंद उघडून पाहिली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की थांबलेल्या दुधात साय वर आली होती आणि मी न ढवळता तळातून नमुना घेतला होता. मी ते सगळ्यांसमोर सांगितलं, दूध तळापासून ढवळलं आणि त्यांच्या देखत दुसरा नमुना लावला. ३.७ लागली. त्या दिवसापासून ढवळणी मी यंत्राशेजारीच ठेवते. ते अजून आमच्याकडेच दूध घालतात."

वाक्ये पुन्हा बाराच आहेत, पण आता प्रसंग तीन वाक्यांत उभा राहतो आणि जबाबदारी एका वाक्यात येते. आकडे तीनच आहेत. ते नोंदवहीत सापडतील असे आहेत. बोध कुठेच नाही, कारण ढवळणी यंत्राशेजारी आली यातच तो आहे. पहिल्या उत्तरात जी गोष्ट लपवली होती, तीच या उत्तराचा कणा ठरली. फॅट तपासणाऱ्या माणसाने चूक दिसताच पावती थांबवली, याहून त्या जागेसाठी दुसरे काय हवे?

पण तपासणी इथे संपत नाही. चांगली मुलाखत घेणारा उत्तरातली फट शोधतो. मी विचारले, "हा पाचवा. मग आधीच्या चौघांचं काय?" ती म्हणाली, "त्यांचं दूध टाकीत गेलं होतं. काकांना सांगून त्यांना आदल्या दिवशीची फॅट धरून पावत्या बदलून दिल्या." हे तिने उत्तरात घातले नव्हते, आणि घालायलाही नको; विचारले तर सांगावे. प्रत्येक उत्तरामागे असे दोनतीन प्रश्न विचारून पाहावेत. प्रसंग खरा असेल तर माणूस थोडा थांबतो, आठवतो आणि सांगतो. बनवलेला असेल तर पुन्हा 'नीट', 'योग्य' या शब्दांकडे वळतो. आकडा ठाऊक नसेल तर 'साधारण' म्हणावे, पण शोभेसाठी आकडा बनवू नये. पुढच्याच प्रश्नाला तो कोसळतो.

उरले ते बोलणे. लिहिलेले उत्तर आटोपशीर असले तरी तोंडी सांगताना ते वाढते. म्हणून घड्याळ लावून मोठ्याने सांगायला लावावे. दीड ते दोन मिनिटांत ते संपावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकवले तर 'म्हणजे', 'तर झालं असं की' हे शब्द किती वेळा आले ते मुलाला स्वतःलाच कळते. परिणाम सांगून झाल्यावर समोरचा क्षणभर गप्प बसला, की मुले घाबरून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतात. तिथेच थांबण्याचा सराव वेगळा करून घ्यावा लागतो.

मात्र उत्तर शब्दश: पाठ करू देऊ नये. पाठ केलेला एक शब्द निसटला, की सगळी माळ ओघळते. तिने एका चिठ्ठीवर पाचच शब्द लिहिले: वीज, ३.१, नोंद, ढवळणे, ३.७. एवढ्यावरून दर वेळी थोड्या निराळ्या शब्दांत, पण त्याच क्रमाने सांगता येते. आणि एकच प्रसंग सगळ्या प्रश्नांना जोडू नये. राग, चूक, मतभेद, ताण यांसाठी चारपाच वेगळे प्रसंग जवळ असावेत. ते मोठे असण्याची गरज नाही. शाळेची सहल, बचतगटाचा हिशेब, घरचे पाण्याचे पाळीपत्रक, काहीही चालेल.

शेवटची परीक्षा घरच्या घरी घेता येते. ज्याला त्या कामातले काही कळत नाही अशा माणसाला, आजीला म्हणा, उत्तर एकदा ऐकवावे आणि विचारावे, "मी काय केलं, सांग बघू." तिने दोन वाक्यांत ते बरोबर सांगितले, तर उत्तर तयार झाले. ती म्हणाली, "तुझ्या काकांचं केंद्र देवळाजवळ होतं," तर पेन्सिल पुन्हा हाती घ्यावी.