मोरचुदातलं पाणी आणि मोलर मासची बेरीज

अकरावीच्या मुलांच्या ग्रुपवर रसायनशास्त्राच्या वर्कशीटचा स्क्रीनशॉट येतो. वर एक छोटा तक्ता असतो: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, तांबं ६३.५. त्याखाली सूचना असते, ‘तक्त्यात दिलेली अणुवस्तुमानं वापरून पुढील संयुगांचं मोलर मास काढा.’ आणि मग संयुगांची यादी. आपण त्यातली तीनच घेऊ: NaCl, CO(NH₂)₂ आणि CuSO₄·5H₂O. पहिलं आपलं मीठ, दुसरं युरिया, तिसरं मोरचूद. तिन्ही घरात, शेतात किंवा दुकानात सहज सापडणारी आहेत.

हे गणित म्हणजे निव्वळ गुणाकार आणि बेरीज. तरीही यात भरपूर मुलं चुकतात. माझ्या मते त्यातल्या बहुतेक चुका बेरजेत होत नाहीत, सूत्र वाचताना होतात. म्हणून आकडेमोडीपेक्षा वाचण्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

आधी मोलर मास म्हणजे काय ते पाहू. अणू एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्यांचा मोठा गठ्ठा करून मोजतात. त्या गठ्ठ्याला मोल म्हणतात आणि त्यात ६.०२२ × १०²³ कण असतात. हा आकडा अशा बेताने ठरलेला आहे की तक्त्यातलं अणुवस्तुमान ग्रॅममध्ये घेतलं की तेवढे अणू हातात येतात. सोडियमसमोर २३ लिहिलंय, तर २३ ग्रॅम सोडियम म्हणजे एक मोल सोडियम. संयुगात जितके अणू आहेत तितक्यांची वस्तुमानं मिळवली की त्या संयुगाच्या एका मोलचं वजन मिळतं. ते ग्रॅम प्रति मोल या एककात लिहायचं. तक्त्यातल्या आकड्यांपुढे एकक नसतं, पण उत्तरापुढे ते हवंच.

मिठात सोडियमचा एक आणि क्लोरीनचा एक अणू धरायचा. २३ आणि ३५.५ मिळून ५८.५ ग्रॅम प्रति मोल. हे गणित तिथेच संपतं, पण क्लोरीनचा तो अर्धा कुठून आला हे विचारायलाच हवं. निसर्गात क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे असतात. साधारण शंभरातले ७६ जवळपास ३५ वस्तुमानाचे आणि उरलेले २४ जवळपास ३७ चे. त्यांची सरासरी ३५.४५ च्या आसपास येते आणि शाळेच्या तक्त्यात ती ३५.५ अशी लिहिली जाते. एकाही क्लोरीन अणूचं वस्तुमान ३५.५ नसतं, पण क्लोरीनचा मोठा साठा वजन केला की हीच सरासरी लागू पडते. म्हणून ती ३५ किंवा ३६ करून घेणं चूक आहे.

इथेच ‘तक्त्यात दिलेली’ या शब्दांचा अर्थ कळतो. दुसऱ्या पुस्तकात क्लोरीन ३५.४५ आणि सोडियम २२.९९ असेल, तर मिठाचं उत्तर ५८.४४ येतं. दोन्ही उत्तरं आपापल्या तक्त्याला धरून बरोबर आहेत. मात्र एक आकडा वर्कशीटमधून आणि दुसरा मोबाइलवर शोधून घेतला तर उत्तर कोणत्याच तक्त्याशी जुळत नाही, आणि तपासणाऱ्याला चूक नेमकी कुठे झाली तेही कळत नाही. काही तक्त्यांत एकाच चौकटीत अणुअंक आणि अणुवस्तुमान असे दोन आकडे असतात. स्क्रीनशॉटमध्ये ते बारीक दिसले की गल्लत होते. ओळखायची खूण सोपी आहे: दोन्हींतला मोठा आकडा वस्तुमानाचा.

आता युरिया. CO(NH₂)₂ या सूत्रात चुकायच्या दोन जागा आहेत. पहिली जागा आहे सुरुवातीच्या दोन अक्षरांत. C आणि O दोन्ही मोठ्या लिपीत आहेत, म्हणजे एक कार्बन आणि एक ऑक्सिजन. दुसरं अक्षर लहान असतं, Co असं, तर तो कोबाल्ट झाला असता आणि त्याचं वस्तुमान ५९ आहे. पुसट चित्रात मोठा O आणि लहान o यांत फरक करणं कठीण जातं. अशा वेळी तक्ताच मदतीला येतो. त्यात कोबाल्ट दिलेलाच नसेल, तर तो प्रश्नातही नसणार.

दुसरी जागा कंसाची. कंसाबाहेर खाली लिहिलेला २ हा आतल्या सगळ्यांना लागू होतो. कंसात नायट्रोजन एक आणि हायड्रोजन दोन, त्यांचं वस्तुमान १४ + २, म्हणजे १६. असे दोन गट, म्हणून ३२. त्यात कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनचे १६ मिळवले की ६० ग्रॅम प्रति मोल. बाहेरचा २ नजरेतून निसटला तर उत्तर ४४ येतं.

४४ चुकीचं आहे हे उत्तरपत्रिका न बघताही कळू शकतं. युरियाच्या गोणीवर नायट्रोजन ४६ टक्के असं छापलेलं असतं आणि शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ते पाठ असतं. आपल्या उत्तराप्रमाणे ६० ग्रॅम युरियात नायट्रोजनचे दोन अणू, म्हणजे २८ ग्रॅम नायट्रोजन. २८ ला ६० ने भागलं की ४६.७ टक्के येतात. गोणीवरचा आकडा किंचित कमी असतो, कारण खतात थोडा ओलावा आणि इतर अंश राहतात आणि छापलेली टक्केवारी किमान हमीची असते. आता ४४ हे उत्तर तपासा. त्यात नायट्रोजन १४, म्हणजे जेमतेम ३२ टक्के. गोणीशी हे जुळत नाही, म्हणजे सूत्र वाचण्यातच गडबड झाली आहे. हा ताळा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो वर्गाबाहेरच्या खऱ्या वस्तूवरून घेता येतो.

खरी कसोटी लागते ती मोरचुदाची. CuSO₄·5H₂O या सूत्राच्या मधोमध एक बारीक बिंदू आहे. स्क्रीनशॉट पुढे पाठवताना चित्र आकसतं आणि हा बिंदू सर्वांत आधी पुसला जातो. कोणी सूत्र कॉपी करून साध्या मजकुरात चिकटवलं तर खालचे अंकही वर येतात आणि पडद्यावर CuSO45H2O असं दिसू लागतं. कच्च्या विद्यार्थ्याला ते ‘पंचेचाळीस ऑक्सिजन’ वाटतं. सल्फेट गटात गंधकाच्या एका अणूभोवती चारच ऑक्सिजन असतात हे माहीत असेल, तर ४५ आकडा पाहताच थांबता येतं. म्हणून सूत्रातले ओळखीचे गट आधी वेगळे करावेत आणि मगच आकड्यांना हात घालावा.

बिंदूचा अर्थ असा की तांब्याच्या सल्फेटच्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे पाच रेणू स्फटिकात बांधलेले आहेत. बिंदू बेरजेचा आहे, गुणाकाराचा नाही. आणि बिंदूनंतरचा ५ पुढच्या अख्ख्या H₂O ला लागू आहे.

आता मांडणी करू. तांबं ६३.५. गंधक ३२. ऑक्सिजन चार, म्हणून ४ × १६ = ६४. एवढ्यांची बेरीज १५९.५. पाण्याचा एक रेणू १८ चा, असे पाच म्हणजे ९०. एकूण २४९.५ ग्रॅम प्रति मोल.

चुकीच्या उत्तरांवरून चूक ओळखता येते, हेही सांगायला हवं. उत्तर १५९.५ आलं तर पाणी धरायचंच राहिलं. १८५.५ आलं तर ५ फक्त हायड्रोजनला लावला: दहा हायड्रोजन आणि एकच ऑक्सिजन. १४,३५५ सारखा अवाढव्य आकडा आला तर बिंदूला गुणिले समजलं गेलं. शिक्षकांनी वहीवर फक्त फुली मारण्याऐवजी हा आकडा वाचला, तर मुलाला नेमकं काय समजावायचं ते लगेच कळेल.

या २४९.५ चाही ताळा घेता येतो, आणि तो डोळ्यांना दिसतो. निळे स्फटिक तापवले की पाणी निघून जातं आणि मागे पांढरी भुकटी उरते. २४९.५ मध्ये पाण्याचे ९०, म्हणजे ३६ टक्के. पाच ग्रॅम मोरचूद शिक्षकांच्या देखरेखीखाली चिनी मातीच्या मुशीत तापवलं तर सुमारे १.८ ग्रॅम वजन कमी व्हायला हवं आणि ३.२ ग्रॅम भुकटी उरायला हवी. घट १.४ ग्रॅमच्या आसपास थांबली, तर चारच रेणू निघाले आहेत. पाचवा जास्त घट्ट धरलेला असतो आणि त्याला साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता लागते. उलट घट १.८ पेक्षा जास्त झाली आणि भुकटी काळपट पडली, तर आच जास्त झाली आणि सल्फेटच तुटू लागलं. तेव्हा निघणारा वायू घशाला झोंबतो, म्हणून तिथे थांबायचं. मूस पूर्ण थंड झाल्यावर लगेच वजन करावं, कारण पांढरी भुकटी हवेतला ओलावा शोषून पुन्हा निळी होते.

हा हिशेब द्राक्षबागेतही लागतो. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार डाउनीसारख्या रोगांसाठी बोर्डो मिश्रण वापरतात. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना शंभर लिटर पाण्यात घेतात. बुरशीला आवर घालतं ते तांबं. ६३.५ ला २४९.५ ने भागलं तर मोरचुदात तांबं २५.४५ टक्के, म्हणजे किलोमागे साधारण २५४ ग्रॅम. बिंदूनंतरचं पाणी विसरून १५९.५ धरलं, तर हाच आकडा जवळपास ४० टक्क्यांवर जातो. कागदावर तांबं दीडपटीहून जास्त दिसेल, पण पानांवर तेवढं पडणार नाही. प्रयोगशाळेत उलटा धोका असतो. एक मोलर द्रावणासाठी निळे स्फटिक लिटरमागे २४९.५ ग्रॅम लागतात. बाटलीत निर्जल पांढरी भुकटी असेल आणि तीच तेवढी घातली, तर द्रावण दीडपटीहून तीव्र होतं. म्हणून बाटलीवरच्या नावाबरोबर लेबलवरचं सूत्र आणि त्यातला बिंदूही बघायचा.

वर्कशीट पाठवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. सूत्रं स्क्रीनशॉटमधून न पाठवता मूळ पीडीएफ पाठवा, नाहीतर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा स्वच्छ फोटो द्या. अणुवस्तुमानांचा तक्ता त्याच पानावर ठेवा. आणि विद्यार्थ्यांनो, सूत्र नीट दिसत नसेल तर अंदाजाने उत्तर काढू नका. आधी विचारा, ‘सर, तिथे बिंदू आहे का?’