‘एमओ २ बोटं’: भूलतज्ज्ञाच्या टिपणाचं काय होतं?

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासतात, तेव्हा कागदावर साधारण असं काहीतरी उमटतं: ‘५२ पु., पित्ताशय दुर्बिणीने, डीएम ८ वर्षे, एचबीएवनसी ८.९, इकोस्प्रिन चालू, गुटखा +, एमओ २ बोटं, एमपी ४, दोन मजले ओके, मागे जीए – त्रास?’

लिहिणाऱ्याला एवढ्यात सगळा रुग्ण दिसतो. पण सकाळी थिएटरमध्ये भूल देणारे डॉक्टर वेगळे असू शकतात. त्यांच्यासाठी या टिपणाचा नीट सारांश करावा लागतो, आणि तिथे नुसतं सुवाच्य अक्षर पुरत नाही.

सगळ्यात आधी श्वासमार्ग वर यायला हवा. ‘एमओ २ बोटं’ म्हणजे तोंड जेमतेम दोन बोटं मावतील इतकंच उघडतं. एरवी तीन तरी मावतात. वर्षानुवर्षं गुटखा खाल्ल्याने गालाच्या आतलं अस्तर ताठर होतं, तोंड आवळत जातं. एमपी म्हणजे मल्लमपती श्रेणी. रुग्णाला बसवून तोंड उघडायला आणि जीभ बाहेर काढायला सांगतात आणि घशाचं किती दिसतं ते पाहतात. डॉ. शेषगिरी मल्लमपती यांनी १९८५मध्ये ही पद्धत मांडली. चौथ्या श्रेणीत मऊ टाळूही दिसत नाही. या रुग्णाला झोपवून तोंडातून नळी घालणं धोक्याचं, म्हणून सारांशात स्पष्ट लिहायचं: ‘अवघड श्वासमार्ग अपेक्षित, जागेपणी, घसा बधिर करून, नाकातून दुर्बिणीने नळी घालण्याची तयारी.’

आता नाकातून जायचं, तर खाली औषधांत पडलेलं इकोस्प्रिन इथे आणावं लागतं, कारण त्याने नाकातून रक्त येण्याचा संभव वाढतो.

जोखमीची एएसए श्रेणी वेगळ्या ओळीत हवी. मधुमेह आटोक्यात नाही, म्हणून श्रेणी ३. गंमत अशी, की या श्रेणीत श्वासमार्ग मोजलाच जात नाही. गुटख्याने तोंड आवळलेला, बाकी धडधाकट तरुण कमी श्रेणीत बसतो आणि नळी घालताना घाम फोडतो. नुसती एएसए श्रेणी वाचून निर्धास्त होणारे असतात, ते चुकतात.

सगळ्यात नाजूक म्हणजे ते प्रश्नचिन्ह. मागच्या भुलीत नेमका काय त्रास झाला? उलट्या, की नळी जात नव्हती? सारांश लिहिणाऱ्याने अंदाज करायचा नाही. रुग्णाला विचारायचं, जुनी फाइल मागवायची, आणि तोवर ‘माहिती अपुरी’ असंच लिहायचं. तसंच टिपणात मानेच्या हालचालीचा उल्लेख नाही, म्हणून ‘मान ठीक’ असं लिहिता येत नाही. ‘नोंद नाही’ लिहिलं, की थिएटरमधले डॉक्टर मान स्वतः तपासतात.

तुमच्या आधीच्या ऑपरेशनचं कार्ड घरात असेल, तर तपासणीला जाताना ते बरोबर न्या आणि गुटखा, हलणारा दात, कवळी यांबद्दल लाज न धरता सांगा.