‘कोणी केलेलं नाही’ एवढं पुरत नाही

ऑनलाइन अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांच्या प्रेरणेवर शोधनिबंध लिहायला बसलं की पहिलं वाक्य आपोआप उमटतं: ‘आजच्या डिजिटल युगात ऑनलाइन शिक्षणास अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे.’ पाठोपाठ कोरोना येतो, प्रेरणेच्या चार व्याख्या येतात, आणि दोन पानांनंतर येतं, ‘तथापि, सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांबाबत असा अभ्यास झालेला नाही.’ अनुभवी परीक्षकाचं बोट नेमकं इथे थांबतं. सोलापूर खोडून सांगली लिहिलं तरी वाक्याला काही फरक पडत नाही. म्हणजे त्यात सोलापूरच्या विद्यार्थ्यांबद्दल काही म्हटलेलंच नाही.

भाषाभ्यासक जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून त्यांची एक ठरावीक चाल दाखवून दिली. 1990च्या त्यांच्या पुस्तकामुळे ती सर्वत्र पोचली. आधी विषयाचं क्षेत्र दाखवायचं, मग त्यातली मोकळी जागा, आणि शेवटी आपण ती कशी भरणार ते सांगायचं. या मधल्या पायरीला आपल्याकडे सगळे ‘रिसर्च गॅप’च म्हणतात, आणि घसरायला होतं तेही तिथेच. एखादी गोष्ट कोणी पाहिली नाही, कारण ती पाहण्यासारखी नव्हती, असंही असू शकतं. जुनं उत्तर इथे लागू पडणार नाही अशी शंका घ्यायला काय आधार आहे, ते गॅपने सांगायला हवं.

समजा, एका प्राध्यापिकेला ‘स्वयम्’वरून क्रेडिटसाठी अभ्यासक्रम करणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करायचा आहे. क्षेत्र दाखवायला तिला डिजिटल युगापर्यंत मागे जायची गरज नाही. जस्टिन राइख आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएन्टे यांनी 2019मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं की एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत 2017-18 साली सहभागी झालेल्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. इतके लोक मध्येच का सोडतात, हा प्रश्न तिथून सरळ निघतो. उत्तर शोधताना अनेक अभ्यासक एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांताकडे वळतात. आपण स्वतः निवडलं ही भावना, आपल्याला जमतंय ही भावना आणि माणसांशी जोडलेपण, या तीन गरजा भागल्या तर प्रेरणा आतून येते, असं तो सांगतो. एवढ्यावर क्षेत्र उभं राहतं. व्याख्यांची रांग लावायला नको.

आता गॅप. हार्वर्डच्या त्या अभ्यासक्रमांत नाव नोंदवणारा बहुधा स्वखुशीने येतो आणि कंटाळला की निघून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021च्या नियमांनुसार मात्र सत्रातले 40 टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम्’वरून घेता येतात. पुष्कळदा कोणता विषय घ्यायचा ते विभागच ठरवतो, आणि सोडला तर गुणपत्रिकेवर परिणाम होतो. म्हणजे सिद्धांतातली पहिलीच गरज, निवडीची, इथे डळमळीत आहे. शिवाय अभ्यासक्रम पूर्ण करणं हे इथे प्रेरणेचं लक्षण असेलच असं नाही, ती निव्वळ सक्तीही असू शकते. मग निबंधात असं लिहिता येईल:

‘ऑनलाइन अभ्यासक्रमांतील प्रेरणेविषयीचे येथे विचारात घेतलेले अभ्यास प्रामुख्याने स्वेच्छेने नोंदणी करणाऱ्यांवर आधारित आहेत. विषयाची निवड विभागाने केलेली असताना स्वयंनिर्णयाची भावना टिकते का, आणि ती न टिकल्यास सक्षमतेची भावना व माणसांशी जोडलेपण प्रेरणेला पुरेसा आधार देतात का, हे त्यांतून स्पष्ट होत नाही.’

इथे सोलापूरऐवजी सांगली लिहून पाहा. वाक्यात जिल्ह्याला जागाच नाही, आणि तरी सोलापुरात हा अभ्यास करायला कारण मिळालं आहे.

मात्र असं वाक्य लिहिलं की ते पुढच्या पद्धतीला बांधून घेतं, आणि बरेच चांगले निबंध इथे फसतात. ‘निवड विभागाची असताना’ असं म्हटलं की स्वतः विषय निवडलेले विद्यार्थीही तुलनेला हवेत. नाहीतर जो फरक दिसेल तो निवडीमुळेच आहे हे कशावरून? सत्र पुढे सरकताना प्रेरणा कशी ओसरते, असा गॅप मांडला तर शेवटच्या आठवड्यात एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली कुचकामी ठरते. प्रस्तावनेत एक प्रश्न आणि निष्कर्षात दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर, असं झालं की चूक बहुधा गॅपच्या वाक्यात सापडते. म्हणून मी तरी ते वाक्य प्रश्नावलीच्या शेजारी ठेवून वाचायला सांगेन.

‘आजवर एकही अभ्यास झालेला नाही’ हे मात्र टाळावं. शोधगंगेवर पडून असलेला एखादा प्रबंध परीक्षकाने काढला की ते वाक्य तिथेच कोसळतं. कोणत्या सूचींत, कोणते शब्द घालून, कोणत्या वर्षांपर्यंत शोधलं ते सांगून ‘या शोधात आढळले नाही’ असं लिहावं. आणि तसा प्रबंध सापडलाच तर तो लपवू नये. त्याने निवडीचा मुद्दा तपासला नसेल तर गॅप त्याच्याच आधाराने जास्त नेमका मांडता येतो.