आरजेच्या बायोडाटातले ‘लाखो श्रोते’

आरजेच्या नोकरीसाठी येणाऱ्या अर्जांत ‘लाखो श्रोत्यांची लाडकी’ अशी ओळ हमखास असते. ती वाचून प्रोग्रॅमिंग हेडला एकच प्रश्न पडतो: हे लाख मोजले कोणी?

मुंबईतल्या उमेदवाराला याचं उत्तर देता येईल. टॅम मीडिया रिसर्चने २००७ मध्ये ‘रॅम’ ही रेडिओची मोजणी सुरू केली. निवडलेल्या श्रोत्यांनी आपण कधी, कोणतं स्टेशन ऐकलं ते डायरीत लिहायचं, अशी तिची पद्धत. पण ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चारच शहरांपुरती. शिवाय स्टेशनचा आठवड्याचा आकडा आणि सकाळच्या एका शोचा आकडा यांत बरंच अंतर असतं. पहिला आकडा दुसऱ्याच्या नावावर खपवला, तर मुलाखतीत तो लगेच उघडा पडतो.

समजा, कोल्हापूरच्या एका खासगी एफएमवर सकाळी ७ ते ११ हा शो करणारी आरजे पुण्यात अर्ज करते आहे. तिच्या शहरात रॅम नाही. तिने ‘सर्वाधिक लोकप्रिय’ हे शब्द खोडावेत आणि आपल्याकडे नोंद आहे तेवढंच लिहावं: शो कोणत्या महिन्यापासून, आठवड्यातून किती दिवस, एका स्पर्धेला किती दिवसांत किती व्हॉट्सअॅप संदेश आले. संदेश म्हणजे श्रोतेसंख्या नव्हे, हेही त्याच ओळीत सांगावं. त्याने आकडा लहान दिसतो, पण तपासता येतो.

‘स्क्रिप्टिंग’ या शब्दाचंही तसंच. दोन गाण्यांमधलं बोलणं, म्हणजे लिंक, ती स्वतः लिहायची की कॉपीरायटर लिहून द्यायचा? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. तिथल्या आरजेने ‘रोजचं बातमीपत्र लिहिलं’ असं म्हटलं की अनुभवी वाचणारा थबकतो. वाहतूक, हवामान, शहरातले कार्यक्रम यांच्या लिंक लिहिल्या असतील, तर तसंच सांगावं.

लाइव्ह निर्मितीत कन्सोल कोण चालवत होतं, हे महत्त्वाचं. फेडर स्वतः हाताळणं, फोनवरच्या श्रोत्याला हवेत घेणं आणि जाहिरातींचा ब्रेक वेळेत बसवणं ही तीन वेगळी कामं आहेत. त्यातलं निर्माता करत असेल, ते आपल्या खात्यात धरू नये.

प्रायोजकांच्या भागात नुसती ब्रँडची यादी फारसं सांगत नाही. सराफाच्या दुकानासाठी आठवडाभराची स्पर्धा तिने रचली, रोजचे आरजे मेन्शन लिहिले आणि पुढच्या सणाला त्याच दुकानाने पुन्हा वेळ विकत घेतला, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. दुकानाने मोजलेली रक्कम मात्र स्टेशनच्या परवानगीशिवाय लिहू नये.

या सगळ्याआधी ऐकली जाते ती सोबत जोडलेली, गाणी कापून दोन-तीन मिनिटांची केलेली एअरचेक. तिची सुरुवात जिंगलने न होता आरजेच्या आवाजाने व्हावी आणि बायोडाटात लिहिलेल्या शोचीच लिंक तिच्यात असावी.