अरबी लेबल चित्रात बसवताना

आखाती देशांत विकायच्या पाकीटबंद खाद्यपदार्थांवर अरबी मजकूर असावा लागतो. त्यामुळे कोकणातून मँगो स्क्वॅशची बाटली दुबईला निघाली, की तिच्या लेबलाची अरबी आवृत्ती करायचे काम एखाद्या डीटीपीवाल्याकडे येते. बरेचदा मूळ डिझाइनची फाईल कुणाकडेच नसते. हाताशी असते ते एक जेपीईजी चित्र आणि अनुवादकाने वर्डमध्ये पाठवलेला अरबी मजकूर. चित्रातली इंग्रजी अक्षरे पुसायची आणि तिथे अरबी अक्षरे अशी बसवायची की लेबल मुळातच अरबीत केल्यासारखे वाटावे, एवढे काम.

समजा, लेबलाची जमीन वरून खाली पिवळ्यातून नारिंगीत जाणारी आहे. मधोमध लाल नाव, डावीकडे पांढऱ्या अक्षरांत चार ओळी, उजवीकडे सरबताच्या ग्लासचा फोटो. तळाशी तीन छोटी चित्रे आहेत: स्क्वॅश ओता, पाणी घाला, बर्फ टाका.

सुरुवात पुसण्यापासून होते, आणि घाईने काम बिघडते तेही इथेच. स्क्रीनवर अक्षराची कड पाहिली तर ती एकदम तुटत नाही. पांढरा आणि पिवळा यांच्या मधल्या छटांची झालर तिला असते. शिवाय जेपीईजी चित्र साठवताना आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करून दाबते. त्यामुळे अक्षराभोवती मळकट ठिपके उमटतात. म्हणून अक्षराची निवड नेमकी कडेवर न थांबवता दोन-चार पिक्सेल बाहेर वाढवावी लागते. तसे केले नाही, तर पुसलेल्या इंग्रजी शब्दाची पुसट सावली अरबीच्या मागे राहते. साध्या नजरेला ती दिसत नाही, पण छापल्यावर हमखास दिसते.

जमिनीचा रंग घेतानाही एकाच ठिपक्यावर आयड्रॉपर टेकवू नये. तो ठिपका नेमका मळकट निघू शकतो, म्हणून पाच बाय पाच ठिपक्यांची सरासरी घ्यावी. आपल्या लेबलात रंग वरून खाली बदलतो. अशा जागी एकच पिवळा भरला तर ठिगळ लावल्यासारखे दिसते. ओळींच्या पट्ट्याच्या वरचा आणि खालचा, असे दोन रंग उचलायचे, त्यांच्यात छटा ओढायची आणि वर किंचित दाणा टाकायचा. मूळ चित्रात दाणा असतोच. त्यात नितळ भरलेला तुकडा वेगळा ओळखू येतो. जिथे मजकूर आंब्याच्या पानांवर गेला असेल तिथे छटा कामाची नाही. तिथे क्लोन स्टॅम्पने शेजारचे पान थोडे थोडे आणून भरावे लागते. नव्या अक्षरांचा रंग मात्र जुन्या अक्षराच्या जाड भागाच्या मधून घ्यावा. बारीक रेघेत जमिनीचा रंग मिसळलेला असतो, तो घेतला तर लाल नाव विटकरी होते.

आता अरबी अक्षरे. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि अक्षरे एकमेकांना जोडून लिहिली जातात. बहुतेक अक्षरांचे सुटे, आरंभीचे, मधले आणि शेवटचे असे चार आकार असतात. अलिफ, दाल, झाल, रा, झाय आणि वाव ही सहा अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. प्रोग्रॅमला हे कळत नसेल, तर प्रत्येक अक्षर सुटे पडते आणि क्रमही उलटतो. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमधून `Middle Eastern and South Asian` निवडले की हा दोष जातो. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाणारी आपली देवनागरीही याच पर्यायाने ताळ्यावर येते, म्हणून मराठी डीटीपीवाल्यांना तो ओळखीचा असेल.

अरबी न वाचणाऱ्यालाही बिघाड ओळखता येतो. ‘अल्’ हा उपशब्द अरबीत जागोजागी येतो. तो शब्दाच्या उजव्या टोकाला, जवळजवळ उभ्या दोन रेघांसारखा दिसतो. चित्रात या रेघा शब्दांच्या डाव्या टोकाला दिसू लागल्या आणि अक्षरे सुटी सुटी उभी असली, तर मजकूर उलटला आहे हे नक्की.

फाँट निवडताना मुंबईत एक चूक सहज होते. उर्दूचा ऑपरेटर मिळतो, म्हणून अरबी काम त्याच्याकडे दिले जाते आणि तो नस्तालीक वापरतो. उताराने झुकत जाणारी ती शैली उर्दूची शान आहे, पण अरबी वाचकाला साध्या मजकुरासाठी नस्ख लिपीची सवय असते. शिवाय उर्दू कीबोर्डवरचा ‘ये’ शब्दाच्या शेवटी खालचे दोन ठिपके टाकत नाही. अरबीत ठिपके गेले, की ‘अली’ हे नाव ‘अला’, म्हणजे ‘वर’, असे वाचले जाऊ शकते. घटक आणि सूचनांच्या ओळींसाठी नोटो नस्ख किंवा अमिरी घ्यावा. अमिरी हा कैरोच्या बुलाक छापखान्याच्या जुन्या टायपावरून केलेला आहे. मूळ नाव जाड, ठसठशीत इंग्रजी अक्षरांत असेल, तर त्याच्या जागी कूफी वळणाचा फाँट शोभतो. अरबीत कॅपिटल अक्षरे नाहीत, त्यामुळे ठळकपणा जाडीने आणि आकाराने आणावा लागतो. त्याच पॉइंटला अरबी बारीक दिसते. दहा ते वीस टक्के वाढवावी आणि वर-खालच्या ठिपक्यांसाठी ओळींत जागा जास्त सोडावी. जागा भरण्यासाठी अक्षरांतले अंतर मात्र कधीही वाढवू नये, कारण जोड तुटतात. शब्द ताणायचाच असेल तर जोडरेघ लांबवतात, तिला कशीदा म्हणतात.

मग प्रश्न ओळी कोणत्या बाजूला लावायच्या हा. इंग्रजी ओळी डावीकडे सरळ होत्या, अरबी उजवीकडे सरळ हव्यात. पण नुसते एवढेच केले तर ओळींची सरळ कड ग्लासला चिकटते आणि वेडीवाकडी बाजू लेबलाच्या काठाला येते. म्हणून ग्लास डावीकडे आणि मजकूर उजवीकडे न्यावा. ग्लासवर काही लिहिलेले असेल तर फोटो आरशासारखा उलटवू नये, तसाच उचलून सरकवावा. तळाच्या तीन चित्रांचा क्रम बदलायला विसरू नये. अरबी वाचक उजवीकडून सुरू करणार. क्रम तसाच राहिला तर त्याला आधी बर्फ टाकायला सांगितल्यासारखे होईल. चित्रांमधले बाणही फिरवावेत.

सगळ्यांत फसवे आकडे. अरबी मजकुरातही संख्या डावीकडून उजवीकडेच लिहितात. ‘१:४’ हे प्रमाण अरबी ओळीत टाकले तर संगणक ते तसेच ठेवतो, पण उजवीकडून वाचणाऱ्याला ते चारास एक वाटू शकते. एक भाग स्क्वॅश, चार भाग पाणी हे शब्दांतच लिहून टाकावे. आखातात इंग्रजी आकड्यांबरोबर अरबी वळणाचे आकडेही चालतात. त्यात पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. ७५० मिलीमधला हा ठिपका धूळ समजून पुसणाऱ्याने बाटली ७५ मिलीची केली, असे समजा.

निर्यातदारांना एकच सांगणे आहे. अनुवादकाकडून वर्डची फाईल तपासून घेतली म्हणजे काम झाले असे धरू नका. अक्षरे चित्रात बसल्यावर तुटतात, उलटतात, ठिपके गमावतात. म्हणून छपाईला द्यायचे अंतिम चित्रच अरबी वाचणाऱ्या माणसाला दाखवा आणि त्याच्या होकारानंतरच मशीन सुरू करा.