जर्मन कळतं, पण बोलता येईल का?

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि नर्सिंग झालेल्या अनेकांच्या मोबाइलवर जर्मनची अ‍ॅप्स आली. तिथल्या रुग्णालयात परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर भाषेची साधारण बी2 पातळी लागते. पण कामावर खरी कसोटी लागते ती पाळी बदलताना. वेबरबाईंना रात्री दुखत होतं म्हणून झोप लागली नाही, हे पुढच्या पाळीतल्या परिचारिकेला न अडखळता सांगावं लागतं.

जर्मनमध्ये ते असं: ‘फ्राऊ वेबर हाट श्लेख्ट गेश्लाफन, वाइल झी श्मेर्त्सन हाटं.’ ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’. तो आला की त्या भागातलं क्रियापद थेट शेवटी जातं. ड्युओलिंगोवर असं वाक्य बरेचदा समोर दिलेले शब्द जुळवून करायचं असतं. ते झटपट जमतं, कारण ‘हाटं’ डोळ्यासमोरच असतं. वॉर्डात ते कोणी समोर मांडून ठेवत नाही. रोजची सवय लावायला ड्युओलिंगो उत्तम, पण त्यावरच्या गुणांना बोलण्याचं मोजमाप समजू नये.

पिम्सलरची तऱ्हा वेगळी. सुमारे अर्ध्या तासाचा, मुख्यतः ऐकायचा धडा. इंग्रजीतून विचारतात, थोडी उसंत देतात आणि उत्तर आपण मोठ्याने द्यायचं. बरोबर वाक्य त्यानंतर ऐकू येतं. तोंड उघडायला लावण्यात त्याचा हात धरणारं अ‍ॅप क्वचितच सापडेल. मात्र ते पैसे घेतं आणि त्यातली शब्दसंपत्ती प्रवास, ओळखीपाळखी, हॉटेल अशी. इंजेक्शन किंवा जखमेची पट्टी तिथे शोधू नये.

डॉइच वेलं या जर्मन प्रसारणसंस्थेचा ‘निकोस वेग’ फुकट आहे. जर्मनीत नव्याने आलेल्या निकोची ही व्हिडिओमालिका ए1 ते बी1 पातळीपर्यंत नेते. भाषा नेहमीची आणि बोलण्याचा वेगही बऱ्यापैकी खरा. प्रसंग एकदा पाहावा, मग आवाज बंद करून निकोची वाक्यं स्वतः म्हणावीत. रुग्णालयातली वाक्यं आंकीमध्ये घालावीत: कार्डाच्या पुढे मराठी, मागे जर्मन. उलट ठेवलं तर फक्त ओळखणं होतं, आठवणं नाही.

आपलं गाडं कुठे अडतंय ते तपासायलाही मोबाइलच पुरतो. एका काल्पनिक रुग्णाची रात्र मिनिटभर सांगून ती ध्वनिमुद्रित करावी. ‘वाइल’नंतर दर वेळी थबकायला होत असेल, तर नवे शब्द बाजूला ठेवून तीच रचना वेगवेगळ्या कारणांसह घोटावी.

बी1च्या पुढे अ‍ॅपची मात्रा चालेनाशी होते. गोएथं संस्थेच्या बी2 परीक्षेत आधी छोटं भाषण असतं आणि मग दुसऱ्या परीक्षार्थीशी वाद घालायचा असतो. समोरचा मध्येच तोडतो, विषय वळवतो. त्यासाठी टँडमसारख्या अ‍ॅपवर जर्मन जोडीदार शोधावा किंवा वर्गातल्या कुणाबरोबर आठवड्यातून दोनदा फोनवर भांडावं. श्टुटगार्टकडे जाणाऱ्यांनी हा जोडीदार त्याच भागातला मिळतो का पाहावं. तिथले म्हातारे रुग्ण श्वेबिश बोलीत बोलतात आणि ही अ‍ॅप्स शिकवतात ती प्रमाण जर्मन.