कांद्याच्या पापुद्र्याचा फोटो आणि फुकटची ॲप

सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर मोबाइल धरून आम्ही कांद्याच्या पापुद्र्याचा फोटो घेतला. पेशी स्पष्ट होत्या, पण सगळे चित्र पिवळट आले. भित्तिपत्रकासाठी ते सुधारायचे म्हणून फुकट मिळणारी काही ॲप आम्ही वापरून पाहिली.

पहिल्याने पिवळेपणा झटकन घालवला, पण कोपऱ्यात स्वतःचे नाव उमटवले. हा वॉटरमार्क चित्राच्या बिंदूंवरच रंगवलेला असतो; खालचे बिंदू गेलेले असतात. आमच्या फोटोत नेमकी तिथेच मोजपट्टी होती. दुसरी गोष्ट उशिरा लक्षात आली. मूळ फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदूंचा. बाहेर आला तो १०८० × ८१० चा, जेमतेम पावणेनऊ लाखांचा! मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. छापताना मात्र इंचाला ३०० बिंदू धरले, तर मूळ फोटो १३ इंच रुंद छापता येतो आणि दुसरा साडेतीन इंच. ताणून मोठा केला की पेशीभित्तिका धूसर होतात. म्हणून जतन केल्यावर फोटोच्या तपशिलात हे आकडे पाहावेत.

स्नॅपसीड, फोटोपी आणि गिंप या तिघांत वॉटरमार्क नाही, आणि चित्राचा आकारही कायम ठेवता येतो. नवख्याला स्नॅपसीड सर्वांत सोपे. त्यातल्या White Balance ने पिवळेपणा मिनिटभरात जातो. फोटोपी ब्राउझरमध्ये उघडते, पण त्याची मांडणी फोटोशॉपसारखी असल्याने सुरुवातीला गोंधळ होतो. गिंप संगणकावर चालते आणि सर्वांत जास्त वेळ मागते. त्यात Save केले की xcf फाइल तयार होते, जी इतरत्र सहसा उघडत नाही. फोटो हवा तर Export As वापरावे लागते. आम्हीही इथे अडखळलो.

आता माहितीचा प्रश्न. फोटो फोनवरच सुधारला जातो की दूरच्या संगणकावर पाठवला जातो? विमान मोड चालू करून पाहा. काम चालू राहिले, तर ते फोनवर होते आहे. फोटोपीचे पान एकदा उघडले की इंटरनेट बंद करूनही नेहमीची कामे होतात. अर्थात या चाचणीला मर्यादा आहे: जोडणी परत आल्यावर ॲप काय पाठवते, ते तिच्यातून कळत नाही. ॲपच्या दुकानात 'गोळा केली जाणारी माहिती' दिलेली असते खरी, पण ती निर्मात्यानेच भरलेली असते. शिवाय फोटोपीच्या पानावर जाहिराती असतात, त्यांचा माग वेगळाच. गिंपला खाते लागत नाही, जाहिरातीही नाहीत.

फोटोच्या फाइलमध्येही माहिती असते. कॅमेऱ्यात स्थान नोंदवण्याची सोय चालू असेल, तर अक्षांश-रेखांश त्यात लिहिले जातात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३० मीटर, तेव्हा शाळेची इमारतसुद्धा ओळखू येते. सुधारलेल्या प्रतीतही ही नोंद टिकू शकते. गिंपमध्ये निर्यातीच्या वेळी Exif पुढची खूण काढली की ती जाते. मुलांचे फोटो असतील, तर कॅमेऱ्यातली ती सोय आधीच बंद ठेवणे सोपे.